एका टक्क्यात एक वर्ष

नंदुरबार जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्या बहुतेक गुरुजींना जुनी पेन्शन नाही. धडगाव-मोलगीच्या डोंगरातील शाळेत असोत की शहाद्याच्या सपाटीवरच्या, त्यांच्या म्हातारपणाचा हिशेब बाजाराशी बांधला गेला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत राज्यातले कर्मचारी मार्च २०२३ मध्ये संपावर गेले. त्या मागणीचे व्हायचे ते होईल. दरम्यान अनेकांनी म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता सुरू केला आहे. त्या हप्त्यातून कोणाला किती जाते, हे मात्र त्यांना कोणी रुपयांत सांगितलेले नाही. सांगितले जाते ते टक्क्यांत, आणि टक्का कानाला फार लहान वाटतो.

एकाच योजनेचे दोन प्लॅन असतात. पैसा एकाच ठिकाणी गुंततो, शेअर तेच, फंड व्यवस्थापकही तोच. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचे कमिशन खर्चात धरलेले असते, डायरेक्टमध्ये ते नसते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०१२ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड कंपनीला डायरेक्ट प्लॅन ठेवणे भाग पडले. या खर्चाची पावती कधी हातात पडत नाही. वार्षिक दराचा ३६५ वा भाग रोज योजनेच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर त्या दिवसाची एनएव्ही जाहीर होते. खिशातून काही गेल्याचे जाणवतच नाही, म्हणून भांडणही होत नाही.

आता हिशेब मांडू. दरमहा पाच हजार रुपये, वीस वर्षे, एकूण भरणा बारा लाख. खर्च वजा जाता डायरेक्टमध्ये वर्षाला ११ टक्के आणि रेग्युलरमध्ये १० टक्के मिळाले असे धरू. बाजार असा सरळ रेषेत चालत नाही, पण तुलनेसाठी एवढे पुरे. शेअरमध्ये गुंतवणाऱ्या सक्रिय योजनांत दोन प्लॅनच्या खर्चातील फरक अनेकदा एका टक्क्याच्या आसपास असतो. इंडेक्स फंडात तो बराच कमी, लिक्विड फंडात नगण्य. वीस वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे ४० लाख ७८ हजार जमतात, रेग्युलरमध्ये ३६ लाख २० हजार. फरक साडेचार लाखांहून थोडा अधिक.

हीच रक्कम एकरकमी गुंतवली असती तर तफावत आणखी मोठी दिसली असती. एक लाखाचे वीस वर्षांत ८ लाख ६ हजार होतात की ६ लाख ७३ हजार, म्हणजे मूळ मुद्दलाहून मोठी रक्कम या एका टक्क्यात अडकते. हप्त्यांत फरक कमी दिसतो, कारण शेवटच्या वर्षाच्या हप्त्यांना झिजायला वेळच मिळत नाही. पहिल्या महिन्याचा हप्ता मात्र पूर्ण वीस वर्षे झिजतो आणि त्याचा जवळपास सहावा हिस्सा जातो.

खरा मुद्दा याहून वेगळा आहे. पहिल्या वर्षी हा एक टक्का म्हणजे अवघे तीन-सव्वातीनशे रुपये. अर्ज भरून देणे, केवायसी करणे, बँकेचा आदेश नोंदवणे एवढ्या कामाचे तेवढे पैसे कोणीही आनंदाने देईल. विसाव्या वर्षी शिल्लक सरासरी चौतीस लाखांच्या घरात असते, तेव्हा तोच टक्का वर्षाला चौतीस हजार घेतो. महिन्याला जवळपास २,८५० रुपये. गुरुजींच्या पाच हजारांच्या हप्त्यातील निम्म्याहून अधिक. काम मात्र पहिल्या वर्षीच झालेले असते. मोबदला कामाबरोबर न वाढता शिल्लकेबरोबर वाढतो, आणि वितरकांची बहुतेक मिळकत आता याच वार्षिक कमिशनवर बेतलेली आहे, कारण सुरुवातीलाच एकरकमी कमिशन देण्याची पद्धत २०१८ मध्ये बंद झाली.

नंदुरबारसारख्या ठिकाणी गुंतवणूक पोहोचावी म्हणून सेबीने मोठ्या शहरांबाहेरून येणाऱ्या पैशावर फंड कंपन्यांना ०.३० टक्क्यांपर्यंत जादा खर्च लावण्याची मुभाही दिली होती. गैरवापराच्या तक्रारी आल्या आणि १ मार्च २०२३ पासून ती त्या रूपात थांबली. हेतू चांगला होता. पण गावात फंड पोहोचवण्याचा खर्च गुंतवणूकदारांच्या पैशातूनच निघतो, हेही त्यातून दिसले.

तरीही वितरकाला सरसकट चोर ठरवणे आम्हाला मान्य नाही. वरचेच गणित उलटे फिरवून पाहा. डायरेक्ट प्लॅन घेतला, पण तो समजून घेण्यात आणि आज-उद्या करण्यात एक वर्ष गेले, तर एकोणीस वर्षांत जमतात ३६ लाख १७ हजार. वेळेवर सुरू केलेल्या रेग्युलरमध्ये ३६ लाख २० हजार होते. म्हणजे एक टक्का जादा खर्च आणि एक वर्षाची दिरंगाई यांची किंमत जवळपास सारखीच. दोन वर्षे उशीर झाला तर डायरेक्टवाला ३२ लाखांवर थांबतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, तेव्हा घाबरून युनिट विकायला निघालेल्या माणसाला ज्या वितरकाने समजावून थांबवले, त्याने आपले कमिशन कमावले. ज्याने त्या काळात फोनही उचलला नाही, त्याला ते का द्यावे?

आपण कोणत्या प्लॅनमध्ये आहोत हे ओळखायला विद्वत्ता लागत नाही. खात्याच्या उताऱ्यावर योजनेच्या नावापुढे Direct किंवा Regular लिहिलेले असते आणि रेग्युलर असेल तर ARN ने सुरू होणारा वितरकाचा क्रमांक. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित उताऱ्यात तर वितरकाला दिलेली रक्कम रुपयांत छापलेली असते. पगाराच्या खात्यावरून बँकेतल्या साहेबांनी ‘करून दिलेल्या’ योजनांचा हा कागद सर्वात आधी पाहावा. बँकही वितरकच असते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

दहा वर्षे रेग्युलरमध्ये भरत आलेल्यांना सहसा सल्ला मिळतो की जुने राहू द्या, पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये वळवा. हा सल्ला सोयीचा आहे, पण अपुरा. आपल्या उदाहरणात दहाव्या वर्षी १० लाख ७ हजार जमलेले असतात. केवळ नवे हप्ते वळवले तर उरलेल्या दहा वर्षांत वाचतात सुमारे ५५ हजार. जुनी शिल्लक रेग्युलरमध्येच राहिली तर तिच्यावर सुमारे अडीच लाख जातात. मोठी गळती तिकडेच आहे. अडचण अशी की एका प्लॅनमधून दुसऱ्यात जाणे ही करखात्याच्या लेखी विक्री असते. सगळे एकदम हलवले तर चार लाखांच्या नफ्यातून सव्वा लाखाची वार्षिक सूट वजा जाऊन उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे उपकरासह छत्तीस हजारांच्या आसपास कर बसतो. तो टाळायचा तर दर आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या आत नफा येईल एवढेच युनिट हलवावेत. एक वर्ष न झालेल्या हप्त्यांना हात लावू नये, कारण त्यांच्यावर कर जास्त आणि अनेक योजनांत एक टक्का एक्झिट लोडही असतो. करबचतीच्या योजनेतील प्रत्येक हप्ता तीन वर्षे हलत नाही. आधी जुने युनिट निघतात आणि नफा त्यांच्यातच जास्त असतो, म्हणून पहिल्या वर्षी रक्कम थोडीच हलेल. सगळे पार पडायला पाचेक मार्च महिने जातील.