चोवीस तासांचे घड्याळ आणि विम्याचा दावा

सकाळी दाखल झालेला रुग्ण त्याच दिवशी दुपारी घरी परतला, तर तो रुग्णालयात ‘दाखल’ झाला होता असे मानावयाचे किंवा नाही, या प्रश्नावर आरोग्यविम्याचे अनेक दावे अडतात. विमेदाराच्या मनात एक आकडा पक्का बसलेला असतो : चोवीस तास. तेवढा वेळ खाट अडविली नाही तर एक पैही मिळत नाही, ही समजूत आजही सार्वत्रिक आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही, हीच त्यातील अडचण आहे.

हा आकडा आला कोठून, हे प्रथम पाहावयास हवे. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी मेडिक्लेम योजना आणली, तेव्हा किरकोळ औषधपाण्याचा खर्च विम्याबाहेर ठेवावयाचा, तर सीमारेषा कोठे आखावयाची असा प्रश्न होता. सर्दी-तापाच्या प्रत्येक बिलाची छाननी करावयाची म्हटली, तर छाननीचाच खर्च बिलाहून अधिक होईल. रुग्ण खरोखर किती आजारी होता हे कंपनीला दुरून कळत नाही. परंतु तो किती तास खाटेवर होता हे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून कळते. म्हणून खाटेवरील तास हे आजाराच्या गांभीर्याचे माप ठरले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही तडजोड त्या काळी शहाणपणाची होती.

पुढे शस्त्रक्रियाच बदलली. मोतीबिंदूचे उदाहरण घ्यावे. पूर्वी डोळ्याला दहा-बारा मिलिमीटरांचा छेद देऊन भिंग बाहेर काढीत, टाके घालीत आणि रुग्णाला कित्येक दिवस मान न हलविता पडून राहावे लागे. आज ‘फेको’ पद्धतीत तीन मिलिमीटरांहूनही लहान छेदातून भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात व घडी घातलेले कृत्रिम भिंग त्याच वाटेने आत बसवितात. टाका बहुधा लागत नाही. आजार तोच, गरज तीच, शस्त्रक्रियागृहही तसेच. आटली ती केवळ खाटेवरील मुदत. मापच आखूड झाले, म्हणून मोजावयाची वस्तू लहान झाली असे कोणी म्हणणार नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने आपल्या प्रमाण व्याख्यांत नेमकी हीच गोष्ट मान्य केली आहे. रुग्णालयात किंवा ‘डे-केअर’ केंद्रात, संपूर्ण अथवा स्थानिक भूल देऊन केलेला, तांत्रिक प्रगतीमुळे चोवीस तासांच्या आत आटोपणारा, परंतु एरवी ज्यासाठी चोवीस तासांहून अधिक काळ दाखल व्हावे लागले असते असा उपचार म्हणजे डे-केअर उपचार. त्याच व्याख्येत पुढे असेही आहे की, जो उपचार सामान्यत: बाह्यरुग्ण विभागात होतो तो यात धरावयाचा नाही. यातील ‘एरवी’ या शब्दावर सारा डोलारा उभा आहे. रुग्ण किती वेळ राहिला हा प्रश्नच नसून, ही प्रगती झाली नसती तर त्याला किती वेळ राहावे लागले असते, हा प्रश्न आहे.

रुग्णाला समजावून सांगावयाचे ते हेच, आणि त्यासाठी दोन रुग्ण शेजारी शेजारी उभे केले तर ते चटकन उमगते. समजा, सांगलीचे एक निवृत्त शिक्षक सकाळी साडेआठला दाखल झाले, दहाला स्थानिक भूल देऊन मोतीबिंदू काढला आणि दुपारी दोनला ते घरी गेले. एकूण साडेपाच तास. त्याच रुग्णालयात दुसऱ्या एका गृहस्थांना तापामुळे सलाईन लावून वीस तास देखरेखीखाली ठेवले. साडेपाच तासांचा दावा ग्राह्य ठरतो आणि वीस तासांचा ठरत नाही. वरकरणी हा अन्याय वाटेल. परंतु दुसऱ्या गृहस्थांवर भूल देऊन कोणतीही क्रिया झाली नाही. त्यांच्या बाबतीत चोवीस तासांचे जुने माप अद्याप लागू आहे. गुरुजींच्या बाबतीत ते लागूच नाही.

व्याख्येला काही खाचखळगे आहेत, हेही नाकारता येत नाही. डायलिसिस किंवा कर्करोगावरील केमोथेरपी यांना या अर्थाने भूल लागत नाही. म्हणून पॉलिसीत त्यांचा स्वतंत्र नामोल्लेख असतो व तो पाहून घ्यावा लागतो. डोळ्याच्या आत द्यावयाच्या इंजेक्शनांवरून तर वर्षानुवर्षे वाद झाले. हा बाह्यरुग्ण उपचार आहे असे कंपन्या म्हणत. अखेर २०१९ साली प्राधिकरणाने जे बारा आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे ठरविले, त्यांत या इंजेक्शनांचा समावेश झाला. रकमेची मर्यादा घालण्याची मुभा मात्र कंपन्यांना राहिली.

रकमेच्या या मर्यादेमुळे आणखी एक गैरसमज होतो. गुरुजींची पॉलिसी ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाण स्वरूपाची, तीन लाखांची आणि मोतीबिंदूसाठी असलेली चोवीस महिन्यांची प्रतीक्षामुदत ओलांडलेली आहे असे धरू. बिल झाले ५२,००० रुपये. या पॉलिसीत एका डोळ्यासाठी विमारकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी तीच मिळते. २५ टक्के म्हणजे ७५,०००. तेव्हा मर्यादा ४०,०००. त्यातून पाच टक्के वाटा रुग्णाचा, म्हणजे २,००० वजा. हाती येतात ३८,००० आणि पदरचे जातात १४,०००. ‘दुपारीच घरी गेलो म्हणून पैसे कापले’ असे गुरुजी शेजाऱ्यांना सांगतील. परंतु ते महिनाभर खाटेवर पडून राहिले असते तरी मोतीबिंदूपोटी याहून अधिक मिळाले नसते.

खरा घोटाळा कागदावर होतो. रुग्णाला घरी सोडताना दिलेल्या कार्डावर घाईघाईने ‘ओपीडी प्रोसीजर’ असे लिहिले गेले, भुलीचा प्रकार वा दाखल केल्याची वेळ नोंदली गेली नाही, तर दाव्याचे कागद तपासणाऱ्यापुढे घड्याळाखेरीज काही उरत नाही. मोतीबिंदूच्या दाव्यात भिंगाच्या वेष्टनावरील स्टिकरदेखील मागतात. तो पुष्कळदा कचऱ्यात गेलेला असतो. रुग्णालयातील विमा-कक्षाने हे सारे रुग्ण आत येतानाच सांगावयास हवे. नियोजित शस्त्रक्रियेची सूचना संजीवनी पॉलिसीत ४८ तास आधी द्यावी लागते, म्हणजे सवडही असते.

त्याऐवजी काही ठिकाणी ‘दावा पक्का व्हावा’ म्हणून रुग्णाला रात्रभर ठेवून घेण्याचा सल्ला दिला जातो. याहून उफराटा व्यवहार नाही. खाटेचे भाडे वाढते, गरजू रुग्णाची खाट अडते, आणि हा मुक्काम वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता असे म्हणावयास कंपनी मोकळी होते.

एवढे करूनही ‘चोवीस तास पूर्ण नाहीत’ असे ठोकळेबाज पत्र आले, तर ते निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीन्वये दावा नाकारला हे कळविणे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीस भाग आहे. आधुनिक उपचारांच्या काळात चोवीस तासांचा आग्रह धरता येणार नाही, असे वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक मंचाने २०२३ साली म्हटले. जिल्हा मंचाचा निर्णय इतरत्र बंधनकारक नसला तरी युक्तिवादास उपयोगी आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. सांगलीच्या गुरुजींसाठी ते कार्यालय पुण्यास आहे.