शंभर नंबरी, तरी धूसर!

निळ्या बॅकग्राउंडवर लाल अक्षरं असलेलं पार्टीचं इन्व्हिटेशन जेपीईजीत सेव्ह केलंत आणि अक्षरांच्या कडा फिसकटल्या? मग आपण काय करतो, क्वालिटीचा स्लायडर थेट १०० वर नेतो. फाइल फुगते, कडा मात्र तशाच! कारण गडबड दुसरीकडे आहे. 4:2:0 या सेटिंगमध्ये उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा साठवला जातो, रंग मात्र चार पिक्सेल मिळून एकच. चेहऱ्यांच्या, झाडांच्या फोटोत हे डोळ्याला कळतही नाही. लाल-निळ्याच्या सीमेवर लगेच कळतं. तिथे 4:4:4 निवडा आणि क्वालिटी खुशाल ८५ वर आणा.

नेमका आकडा हवाय? गिंपच्या एक्स्पोर्ट विंडोत प्रिव्ह्यू ऑन करा, फाइलचा साइजही दिसेल. झूम १०० टक्के ठेवून ७५ पासून पाच-पाचने वर चढा. पुढच्या पायरीवर फरक दिसेनासा झाला, की आधीचीच पक्की करा. साध्या फोटोंत ही वेळ बहुधा ८५-९० च्या आसपास येते. फक्त एक लक्षात ठेवा, हे टक्के नव्हेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरचं ८५ वेगळं निघू शकतं. आणि दरवेळी सेव्ह करायचं ते मूळ फाइलवरूनच!