वाकडं हसू सरळ करताना अर्ध्यावरच थांबा

लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढला की स्टुडिओवाल्याला हमखास सांगितलं जातं, 'तोंड जरा वाकडं आलंय, सरळ करा.' मग 'Smile' नावाचा स्लायडर सरकतो आणि फोटोत भलतंच कोणी तरी हसू लागतं.

असं का होतं? खरं हसताना ओठांचे कोपरे एकटे वर जात नाहीत. गाल फुगतो, नाकापासून ओठाकडे येणारी घडी खोल होते, डोळ्यांखालची कातडी वर सरकते. स्लायडर मात्र फक्त ओठ वळवतो, तेही दोन्ही बाजूंनी. डोळे जुनेच राहतात, म्हणून हसू चिकटवल्यासारखं दिसतं.

आधी एक तपासणी करा. दोन्ही बाहुल्यांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि ओठांच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी दुसरी. दोन्ही समांतर असतील, तर हसू वाकडं नाही, मान कललेली आहे. तिथे फोटो थोडा फिरवला की काम झालं. (निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.)

समजा, डोळ्यांची रेघ आडवी केल्यावरही उजवा कोपरा डाव्यापेक्षा १२ पिक्सेल खाली आहे आणि चेहरा सुमारे ८०० पिक्सेल रुंद आहे. फोटोशॉपमध्ये लेयरचं स्मार्ट ऑब्जेक्ट करून Liquify उघडा, म्हणजे नंतर बदल मागे घेता येतो. Forward Warp हे टूल घ्या. ब्रश मोठा हवा, साधारण २५० पिक्सेलचा. कोपरा, घडी आणि गालाचा खालचा भाग त्यात एकत्र मावला पाहिजे. लहान ब्रशने फक्त ओठाचं टोक उचललं जातं आणि घडीला खाच पडते. Pressure २०च्या आसपास ठेवा, दातांवर व नाकपुडीवर Freeze Mask फिरवा आणि कोपरा हलकेच वर ढकला. ६ पिक्सेल झाले की थांबा.

पूर्ण १२ का नाहीत? कारण कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. घरच्यांना तो थोडा तिरकेपणाच ओळखीचा असतो. डावा, उंच कोपरा खाली ओढून मेळ घालण्याचा मोहही टाळा, त्याने हसूच कमी होतं.

काम बिघडलं हे ओळखायचं कसं? दातांची ओळ वाकते, दाढीचे खुंट ताणलेले दिसतात, चेहऱ्यामागची दाराची चौकट लचकते. Preview बंद-चालू करून बघा. नजर थेट ओठांकडे गेली, तर बदल जास्त झालाय.

पक्षाघातामुळे तोंड एका बाजूला झुकलेलं असेल, तर त्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नये, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. आणि पासपोर्टच्या फोटोत ही दुरुस्ती मुळीच नको. तिथे चेहरा आहे तसाच लागतो.