"खाली सगळं आहे" म्हणू नका

गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर तीन महिने ईमेल चालू असतात. पन्नासेक ईमेल झाल्यावर नवे खजिनदार त्यात जोडले जातात आणि सोबत एकच ओळ येते, "खाली सगळं आहे, पाहून घ्यावे." ही ओळ मला अन्यायाची वाटते, कारण खाली सगळं नसतंच. एकाच ईमेलला दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली की चर्चेला फाटे फुटतात, आणि नव्या माणसाला त्यातला एकच फाटा दिसतो. उत्तर देताना आधीच्या अटॅचमेंटही सहसा पुढे जात नाहीत. दरपत्रकावरचा वाद त्याच्यापर्यंत पोहोचतो, दरपत्रक मात्र मागेच राहतं.

म्हणून जोडणाऱ्यानेच गोषवारा लिहावा. तो एवढाच पुरतो :

"ठरलेले : जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा करणे (समिती सभा, १२ एप्रिल). जुन्यावरच मेम्ब्रेन टाकण्याचा पर्याय नाकारला, कारण कोबा जागोजागी पोकळ वाजतो. शेवटचे १० टक्के पैसे गच्चीवर ४८ तास पाणी साठवून गळती नाही हे पाहिल्यावरच.
बाकी : राडारोडा उचलण्याचा खर्च कोणाचा? सचिव २५ एप्रिलपर्यंत कंत्राटदाराकडून उत्तर आणतील. तोवर कामाचा आदेश थांबला आहे.
आपल्याकडून : पहिला हप्ता कोणत्या खात्यातून द्यायचा, ते २३ एप्रिलपर्यंत कळवावे. दरपत्रक व इतिवृत्त सोबत आहे."

नाकारलेला पर्याय कारणासकट लिहिला नाही, तर नवा माणूस पहिल्याच उत्तरात "मेम्ब्रेनचं का नाही पाहिलं?" असं विचारतो आणि मिटलेली चर्चा पुन्हा उघडते. बाकी मुद्द्यापुढे जबाबदार व्यक्ती, तारीख आणि त्यापायी काय अडलंय, हे तिन्ही हवं.

खरी कसोटी 'ठरलेले' या सदरात लागते. कोणीतरी "कोबाच बरा" लिहिलं आणि बाकीचे गप्प बसले, याला निर्णय म्हणता येत नाही. कोणी आणि कधी ठरवलं हे लिहिता येत नसेल, तर तो मुद्दा 'बाकी'त टाकावा. गोषवारा फक्त नव्या माणसाला न पाठवता सगळ्यांना पाठवावा आणि चूक असल्यास दोन दिवसांत कळवा, असं म्हणावं. शेवटच्या १० टक्क्यांवर कोणाची सहमती नसेल, तर ते पैसे देताना भांडणातून कळण्यापेक्षा इथंच कळतं. मात्र गोषवारा इतिवृत्ताची जागा घेत नाही. सभेचा निर्णय इतिवृत्तातच पाहावा.

आणि खजिनदारांऐवजी एखाद्या कंत्राटदाराला जोडायचं असेल, तर जुन्या ईमेलवर जोडूच नये. खाली त्याच्या स्पर्धकाचे दर असतात. त्याच्यासाठी कोरा ईमेल उघडून त्याच्या कामापुरताच गोषवारा लिहावा.