सातचा मोह

'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आमच्या घरात आला तो नातवामुळे. आता मीही खेळतो, आणि म्हणूनच एका समजुतीशी माझं भांडण आहे. ती म्हणजे, 'हातात सात पानं आहेत ना, मग ठेवा. बदलली की एक कमी होतं.'

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यातली काही पानं 'लँड', म्हणजे जमीन. दर पाळीला एकच जमीन मांडता येते आणि तिच्याच बळावर बाकीची पानं खेळता येतात. सुरुवातीची सात पानं पसंत नसतील तर ती परत गड्डीत मिसळून नवी घ्यायची. हे 'मलिगन'. २०१९ पासूनच्या नियमाने नवीही सातच मिळतात, पण त्यातलं एक आपल्या निवडीने गड्डीच्या तळाशी ठेवायचं. म्हणजे जातं ते सर्वांत निरुपयोगी पान. दंड आहे, पण लोक समजतात तेवढा नाही.

आता हिशेब बघा. गड्डी ४० पानांची, त्यात १७ जमिनी. हातात एकच जमीन आणि सहा झकास, स्वस्त पानं. पहिली पाळी आपली, म्हणून त्या पाळीला पान ओढता येत नाही. तिसऱ्या पाळीपर्यंत फक्त दोन पानं मिळणार आणि दोन्ही जमिनीच हव्यात. शक्यता सुमारे २३ टक्के! नातू म्हणतो, "आबा, येईल की हो!" अरे, चारातून तीनदा येणार नाही, त्याचं काय? खेळता न येणारी सहा पानं ही सहा पानं नव्हेतच.

हातात दोन जमिनी असतील तर मात्र तिसऱ्या पाळीपर्यंत तिसरी जमीन मिळण्याची शक्यता ७१ टक्के होते. दुसरी पाळी आपली असेल तर एक पान जास्त ओढायला मिळतं, म्हणून ८५. पण इथेही नुसत्या जमिनी मोजून भागत नाही. बाकीची पाच पानं दोन जमिनींवर खेळता येण्याजोगी असतील तर हात खुशाल ठेवावा. तीच पाच-सहा जमिनी मागणारी असतील, किंवा दोन्ही जमिनी भलत्याच रंगाच्या असतील, तर तो हात एका जमिनीच्या हाताचाच भाऊ. सहा जमिनी आणि एकच पान हेही तसंच. उपाशी नाही, पण ताटात नुसता भात.

याचा अर्थ मनाजोगता हात येईपर्यंत बदलत बसा असा नव्हे. दुसऱ्या मलिगनला दोन पानं तळाशी जातात आणि पाचांवर जिंकणं खरंच अवघड असतं. म्हणून सहा पानांचा साधारण हात ठेवावा. पण पहिल्या सातांकडे बघताना पानं मोजू नका. पहिल्या तीन पाळ्यांत यातलं काय खेळता येईल, ते मोजा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर बदला.