शिवी आली म्हणजे भाषा आली?

१/ नवी भाषा शिकायची तर आधी तिच्यातल्या शिव्या शिकाव्यात, असा सल्ला तरुण मंडळी एकमेकांना हौसेने देतात. हा सल्ला घातक आहे. कुरुंदवाडच्या परिसरात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. तिथे त्याचे कारण स्पष्ट दिसते.

२/ पटवर्धनांचे हे जुने संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. कर्नाटकाची हद्द इथून जवळच. अण्णा, अप्पा, अक्का ही संबोधने दोन्ही भाषांना सामाईक. शिकणारा फसतो तो याच साम्यामुळे.

३/ मराठीतला ‘लेका’ आणि कन्नडमधला ‘मगने’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘मुला’. बरोबरीच्या मित्रांत दोन्ही खपतात, रागात दोन्ही शिवी ठरतात. म्हणजे अपमान शब्दार्थात नसून कोण कोणाला म्हणतो यात असतो.

४/ एक उदाहरण घ्या. मित्र एकमेकांना ‘बारो’ (ये रे) म्हणतात, ते ऐकून शिकाऊ पाहुणा मित्राच्या वडिलांनाही ‘बारो’ म्हणतो. यात एकही शिवी नाही, तरी घर स्तब्ध होते. बेळगाव-धारवाडकडे वडीलधाऱ्यांना ‘बर्री’ (या) म्हणतात. शिवीपेक्षा क्रियापदाचे रूप आधी शिकायला हवे ते यासाठी.

५/ दुसरा सापळा कोशाचा. ‘रांड’चा एक जुना अर्थ ‘विधवा’. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (पहिली आवृत्ती १८३१) तो नोंदला आहे. तेवढाच अर्थ वाचून आज कोणी तो शब्द विधवेसाठी वापरला, तर ती अक्षम्य चूक ठरेल. नवरा गेलेल्या स्त्रीला समाजाने कसे वागवले, त्याचा इतिहास या शिवीत साठलेला आहे.

६/ कन्नडमधली ‘मुंडे’ ही शिवीही विधवेवरूनच आलेली. मराठीत मात्र ‘मुंडे’ हे साधे आडनाव आहे. ते ऐकून दचकणारा कन्नड श्रोता आणि त्याच्या दचकण्याने दुखावणारा मराठी पाहुणा, दोघेही निर्दोष असतात. कानी पडलेला शब्द कोणत्या भाषेतला, हे आधी ठरवावे लागते.

७/ यावर सोवळ्या पाठ्यपुस्तकांचा उपाय म्हणजे मौन. तोही फसवाच. ज्याला शिवी ओळखता येत नाही, तो ती निरागसपणे दुसऱ्यासमोर उच्चारतो. थट्टेखोर मित्रांनी ‘याचा अर्थ धन्यवाद’ असे सांगितले, की त्याचा बळी जातो. म्हणून शिव्या कानाला ठाऊक असाव्यात, जिभेला नव्हे.

८/ नवा शब्द भेटला की तीन गोष्टी पाहाव्यात: तो कोण उच्चारतो, कोणाला उद्देशून, आणि तिथे वडीलधारे असताना तो बंद होतो का. बंद होत असेल, तर आपणही तो टाळावा. सुरुवात नेहमी ‘बर्री’ने करावी, समोरच्याने आपल्याला ‘बारो’ म्हटले, तरच आणि त्याच्यापुरतेच, एक पायरी खाली यावे. आदर जास्त झाला तर लोक हसतील; सलगी जास्त झाली तर दार बंद होईल.