विमा कंपनीच्या नकारास उत्तर

गेल्या महिन्याच्या टपालात पलसाण्याहून एका वाचकांचे पत्र आले. हे कुटुंब मूळचे खानदेशातील असून, दोन पिढ्या सुरत जिल्ह्यातच नांदत आहे. कर्ते गृहस्थ कापडाच्या डाईंग-प्रिंटिंग गिरणीत रात्रपाळी करतात. 12 नोव्हेंबर 2024 च्या रात्री गिरणीच्या फाटकाबाहेर लावलेली त्यांची मोटरसायकल चोरीस गेली. सकाळी पाळी सुटताच त्यांनी पोलीस ठाणे गाठले व 13 नोव्हेंबर रोजीच एफ.आय.आर. नोंदविला. मात्र विमा कंपनीस त्यांनी 9 डिसेंबर रोजी कळविले. पुढे कंपनीचे चार ओळींचे पत्र आले : ‘चोरीची सूचना 27 दिवसांनी दिली, पॉलिसीच्या पहिल्या अटीचा भंग झाला, सबब दावा नामंजूर.’ आता काय लिहावे, असे त्यांनी आम्हांस विचारले आहे.

अशी पत्रे आम्हांस अधूनमधून येतात, आणि बहुतेकांत तक्रारदार आपली गरिबी, गाडीवाचून होणारे हाल व कंपनीची निष्ठुरता यांचेच वर्णन करतो. त्या वर्णनाने नकार पालटत नाही. नकार ज्या अटीवर उभा आहे त्या अटीसच हात घालावा लागतो.

तेव्हा प्रथम पॉलिसी उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. पॉलिसी केवळ ‘थर्ड पार्टी’ची असेल तर चोरीची भरपाई तीत मुळातच नाही, आणि तक्रार करण्यात अर्थ नाही. ती सर्वसमावेशक, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचीही असेल, तर ‘आय.डी.व्ही.’ या नावाने छापलेली रक्कम पाहावी. गाडी पुन्हा न मिळाल्यास मागावयाची रक्कम तीच. गाडी घेतानाची किंमत नव्हे. आमच्या वाचकांच्या पॉलिसीत ती 52,000 रुपये आहे. त्यातून पॉलिसीत नमूद केलेली सक्तीची वजावट तेवढी कमी होते.

आता ती पहिली अट. अपघात वा नुकसान होताच कंपनीस ताबडतोब लेखी सूचना द्यावी, असे ती आरंभी सांगते. परंतु पुढे चोरीचा निराळा उल्लेख आहे : चोरी अथवा अन्य गुन्हा घडल्यास पोलिसांना ताबडतोब कळवावे आणि गुन्हेगारास शिक्षा होण्याकामी कंपनीस सहकार्य करावे. कंपनीचे पत्र पहिल्या वाक्यावर बोट ठेवते व दुसरे सोडून देते. सारा वाद याच दोन वाक्यांमधला आहे.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर 2010 साली चोरीस गेला. पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झाली, पण विमा कंपनीस कळविण्यात 52 दिवसांचा विलंब झाला म्हणून दावा फेटाळला गेला. पूर्वीच्या निकालांत एकवाक्यता नसल्याने प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले आणि 24 जानेवारी 2020 रोजी निर्णय झाला. तो लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. 2025 साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. चोरीच्या बाबतीत ‘ताबडतोब’ ही अपेक्षा प्रामुख्याने पोलिसांना कळविण्याची आहे, कारण वाहन शोधू शकतात ते पोलीस, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. फिर्याद तत्काळ दिलेली असेल आणि चोरी खरी असल्याचे आढळले असेल, तर केवळ कंपनीस उशिरा कळविले म्हणून दावा नाकारता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणानेही 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावले होते की, खरे दावे निव्वळ विलंबाच्या कारणावरून यांत्रिकपणे फेटाळू नयेत.

एवढे हाती आल्यावर पत्र लहानच पुरते. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावे, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने वा ई-मेलने पाठवावे. आम्ही वाचकांस पाठविलेला मसुदा असा :

‘महोदय, माझा दावा आपण पॉलिसीच्या पहिल्या अटीचा आधार घेऊन नामंजूर केला आहे. तो निर्णय मला मान्य नाही.

माझी मोटरसायकल 12 नोव्हेंबर 2024 च्या रात्री चोरीस गेली व 13 नोव्हेंबर रोजी मी एफ.आय.आर. नोंदविला. चोरीच्या प्रसंगी पोलिसांस ताबडतोब कळवावे, असे हीच अट सांगते; ते मी केले आहे. तपासात गाडी सापडेल या आशेने मी थांबलो, म्हणून आपणांस 9 डिसेंबर रोजी कळविले. या विलंबामुळे आपल्या तपासास कोणती बाधा आली, हे आपल्या पत्रात नाही. चोरी खोटी असल्याचेही आपले म्हणणे नाही.

गुरशिंदर सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 24 जानेवारी 2020 चा निर्णय माझ्या प्रकरणास लागू आहे. तरी दाव्याचा फेरविचार करून आय.डी.व्ही.ची रक्कम द्यावी. आपणांस नकारच कायम ठेवावयाचा असल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत व आपल्या तपासनिसाच्या अहवालाची प्रत द्यावी.

सोबत : पॉलिसी, एफ.आय.आर., पोलिसांचा अंतिम अहवाल, नोंदणी पुस्तक व आपले नकारपत्र यांच्या प्रती. दोन्ही किल्ल्या आपल्या कार्यालयात जमा केल्याची पावतीही जोडली आहे.’

या मसुद्यात उशिराचे कारण एकाच वाक्यात आणि जसे घडले तसेच दिले आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आजारपण वा गावी जाणे असे कारण रचून घातले आणि गिरणीच्या हजेरीपटाने ते खोटे ठरले, तर खरी चोरीही संशयास्पद होते. अंतिम अहवाल म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, असा पोलिसांचा निष्कर्ष. गुजरातेत त्यास ‘ए समरी’ म्हणतात. तो मिळावयास काही महिने लागू शकतात, म्हणून पोलीस ठाण्यात त्याचा पाठपुरावा करीत राहावे.

या निर्णयाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एफ.आय.आर.च उशिरा झाला असेल, तर त्याचा आधार फारच क्षीण होतो. पोलिसांनी नुसता अर्ज ठेवून घेतला व गुन्हा नंतर नोंदविला, असे घडले असल्यास त्या अर्जाच्या शिक्क्याची प्रत हाच मुख्य पुरावा होय. वाहनचोरीची फिर्याद ऑनलाइन देण्याची सोय गुजरात पोलिसांनी 2022 साली केली आहे. तिने तारखेचा वाद टळतो. गाडीला किल्ली तशीच ठेवून मालक दूर गेला असेल, तर प्रश्न विलंबाचा न राहता निष्काळजीपणाचा होतो. एका ट्रकच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली विमा रकमेच्या 75 टक्के देवविले. तशा वेळी पूर्ण रकमेचा हट्ट न धरता निदान तेवढी तरी द्यावी, अशी पर्यायी मागणी पत्रातच करणे शहाणपणाचे.

कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. गुजरातचे कार्यालय अहमदाबादेत आहे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही; मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. दुसरा मार्ग सुरत येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथील मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे चालू असेल, तर लोकपाल ते हाती घेत नाहीत. म्हणून आम्ही पलसाण्याच्या वाचकांस आधी लोकपालांचा मार्ग सुचविला आहे, आणि नकारपत्र ज्या लिफाफ्यातून आले तो टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवावयास सांगितले आहे.